बाबा तिप्पट, मग दुप्पट, आणि मग?

वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वयं किती?

अशी गणितं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'वयवारी' या नावाखाली पानंच्या पानं भरून असतात. आपण मात्र आज हे एकच उदाहरण घेऊन बसणार आहोत, कारण त्यात एक खरोखर नवलाची गोष्ट दडलेली आहे. पुन्हा वाचा. आज तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट. तिप्पटीवरून एकदम दुप्पट? बाबा तर काही लहान होत नाहीत. मुलगा १२ वर्षांनी वाढला, तसे बाबाही १२ वर्षांनी वाढले. दोघंही सारखेच वाढले, मग पट कमी कशी झाली?

हा प्रश्न डोक्यात राहू द्या. आधी उत्तर काढू.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे अंदाज. समजा मुलगा १० वर्षांचा आहे. मग बाबा ३०. बारा वर्षांनी मुलगा २२ आणि बाबा ४२. बावीसची दुप्पट ४४, म्हणजे बाबा २ वर्षांनी कमी पडले. बरं, मुलगा ११ घेऊ. बाबा ३३. बारा वर्षांनी २३ आणि ४५. तेवीसची दुप्पट ४६, बाबा आता १ वर्षानं कमी पडले. लक्षात आलं का? मुलाचं वय एकानं वाढवलं की कमी पडणारा आकडाही एकानं घटतो. म्हणजे मुलगा १२ घेतला की काहीच कमी पडायला नको. बाबा ३६, बारा वर्षांनी २४ आणि ४८. अगदी दुप्पट!

अंदाज करणं वाईट नाही. पण वयं साडेबारा आणि साडेसदतीस असती तर आपण किती वेळ चाचपडत बसलो असतो? शिवाय उत्तर सापडलं तरी एक शंका उरते: अशी आणखी एखादी जोडी असेल का? बीजगणित हे दोन्ही प्रश्न सोडवतं.

बीजगणिताची युक्ती अशी की जे माहीत नाही त्याला सरळ नाव देऊन टाकायचं आणि ते माहीत असल्यासारखं वागायचं. शाळेच्या पुस्तकात त्यासाठी इंग्रजी अक्षर वापरतात, आपण 'क्ष' घेऊ. क्ष म्हणजे मुलाचं आजचं वय. 'आजचं' हा शब्द वहीत लिहून ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

आता गोष्ट आपल्या भाषेतून क्षच्या भाषेत लिहू.

आज: मुलगा क्ष, बाबा ३क्ष
१२ वर्षांनी: मुलगा क्ष + १२, बाबा ३क्ष + १२

इथवर फक्त नोंद झाली, अजून समीकरण कुठेच नाही. समीकरण येतं ते गणितातल्या दुसऱ्या वाक्यातून: बारा वर्षांनी बाबा दुप्पट. म्हणजे खालच्या ओळीतले बाबा हे खालच्या ओळीतल्या मुलाच्या दुप्पट.

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

कंस सोडवला की उजवीकडे २क्ष + २४ येतात.

३क्ष + १२ = २क्ष + २४

दोन्ही बाजूंतून २क्ष काढू. डावीकडे क्ष + १२ उरतात, उजवीकडे २४. आता दोन्ही बाजूंतून १२ काढले की क्ष = १२. मुलगा १२ वर्षांचा, बाबा ३६ वर्षांचे. आपल्या अंदाजानं दिलेलंच उत्तर, पण आता आणखी एक गोष्ट कळली. पायरी-पायरीनं येताना क्षला दुसरी कुठली किंमत घ्यायला वावच राहिला नाही. म्हणजे ही एकच जोडी आहे, दुसरी नाही.

या गणितात दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही चुकांची उत्तरं पाहण्यासारखी आहेत.

पहिली चूक कंसाची. २(क्ष + १२) सोडवताना दोननं फक्त क्षला गुणलं आणि बाराला विसरलो, तर समीकरण होतं ३क्ष + १२ = २क्ष + १२. उत्तर येतं क्ष = ०. मुलगा शून्य वर्षांचा आणि बाबा तीन गुणिले शून्य, म्हणजे तेही शून्य वर्षांचे. बापलेक दोघंही आत्ताच जन्मले! दुसरी चूक म्हणजे बारा वर्षं फक्त बाबांना देणं आणि मुलाला तिथेच थांबवणं. मग ३क्ष + १२ = २क्ष होतं आणि क्ष येतो उणे १२. असं काही आलं की खोडायला धावू नका. आधी त्या उत्तराकडे बघा, चूक कुठे झाली ते तेच सांगतं.

पण काही चुका इतक्या सरळ दिसत नाहीत. चुकीच्या समीकरणाचं उत्तर कधीकधी अगदी शहाण्यासारखं दिसतं, १४ किंवा २० असं. म्हणून ताळा पाहायचा. आणि तो समीकरणात किंमत घालून पाहायचा नाही. समीकरणच चुकलं असेल, तर चुकीचं उत्तर त्यात छान बसेल आणि आपण खूश होऊ. ताळा मूळ वाक्यांशी पाहायचा. आज ३६ हे १२ च्या तिप्पट आहेत का? आहेत. बारा वर्षांनी ४८ हे २४ च्या दुप्पट आहेत का? आहेत. आता झालं गणित.

चला, त्या सुरुवातीच्या कोड्याकडे जाऊ. दोघंही सारखेच वाढतात, तरी पट का घटते?

अशी कल्पना करा की एका लांबलचक जिन्यावर दोघं चढताहेत. दोघंही वर्षाला एक पायरी चढतात, कुणी थांबत नाही, कुणी धावत नाही. बाबा २४ पायऱ्या पुढे आहेत. शंभर वर्षं चढले तरी ते २४ पायऱ्याच पुढे राहणार. आपल्या गणितात ३६ वजा १२ म्हणजे २४ आणि ४८ वजा २४ म्हणजेही २४. वयवारीच्या गणितात बाकी सगळं बदलतं, हा फरक तेवढा बदलत नाही. मुलगा पहिल्या पायरीवर असताना २४ पायऱ्यांचा फरक प्रचंड वाटतो, कारण त्याच्याकडे स्वतःची एकच पायरी आहे. तो चोविसाव्या पायरीवर पोचला की तोच फरक त्याच्या एकूण पायऱ्यांइतका होतो. फरक तोच, पण तो ज्याच्याशी ताडून पाहायचा ते वय मोठं होत गेलं. म्हणून पट घटते.

हे एकदा समजलं की आपलं गणित क्ष न मांडताही तोंडी सुटतं. बाबा तिप्पट आहेत म्हणजे फरक किती? तीन भागांतून मुलाचा एक भाग गेला, दोन भाग उरले. फरक म्हणजे मुलाच्या आजच्या वयाची दुप्पट. बारा वर्षांनी बाबा दुप्पट, तेव्हा फरक मुलाच्या तेव्हाच्या वयाइतका. आणि फरक तर बदलत नाही! म्हणजे मुलाच्या आजच्या वयाची दुप्पट ही त्याच्या बारा वर्षांनंतरच्या वयाइतकी आहे. कुठल्या संख्येत १२ मिळवले की ती दुप्पट होते? बारामध्येच. सुटलं.

मला ही रीत समीकरणापेक्षाही आवडते. समीकरण उत्तर देतं, पण उत्तर असं का आलं हे ही रीत दाखवते.

आता याच बापलेकांचं सगळं आयुष्य उलगडून पाहू. फरक २४ वर्षांचा. मुलगा १ वर्षाचा झाला तेव्हा बाबा २५ वर्षांचे, म्हणजे २५ पट! मुलगा २ वर्षांचा, बाबा २६, म्हणजे एकदम १३ पट. एका वर्षात २५ वरून १३ वर घसरण. मुलगा ३, बाबा २७: नऊपट. मुलगा ४, बाबा २८: सातपट. मुलगा ५ झाला तेव्हा बाबा २९, इथे पट नीट बसत नाही. मुलगा ६, बाबा ३०: पाचपट. मुलगा ८, बाबा ३२: चौपट. मुलगा १२, बाबा ३६: आपली ओळखीची तिप्पट. आणि मुलगा २४, बाबा ४८: दुप्पट.

मुलाची ती वयं एका ओळीत लिहा: १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. ओळखलीत? हे २४ चे विभाजक आहेत, सगळेच्या सगळे, एकही सुटलेला नाही. पाचवं वर्ष का बसलं नाही तेही आता कळलं, पाचानं २४ ला भाग जात नाही.

असं का होतं ते पाहा. बाबांचं वय म्हणजे मुलाचं वय अधिक २४. मुलाच्या वयानं बाबांच्या वयाला भाग द्यायचा असेल, तर त्यातल्या 'मुलाचं वय' या तुकड्याला तर भाग जातोच, एकदाच जातो. प्रश्न उरतो तो २४ चा. २४ ला भाग गेला तर पट पूर्ण संख्येत येते, नाही गेला तर येत नाही. आणि पट किती ते काढायला फरकाला मुलाच्या वयानं भागायचं नि त्यात १ मिळवायचा. मुलगा ८ असताना २४ भागिले ८ म्हणजे ३, अधिक १ म्हणजे ४. चौपट.

आता तुमच्या घरातला फरक काढा. तुम्ही आणि आई, तुम्ही आणि बाबा, तुम्ही आणि आजी. फरक ३० असेल तर नशीबवान आहात, ३० चे आठ विभाजक आहेत: १, २, ३, ५, ६, १०, १५, ३०. म्हणजे आठ वाढदिवसांना पट पूर्ण संख्येत येणार. फरक २८ असेल तर सहा वेळा. पण फरक २९ असेल तर? २९ ही मूळ संख्या, तिला १ आणि २९ हे दोनच विभाजक. अशा घरात मूल १ वर्षाचं असताना बाबा ३० पट असतात आणि त्यानंतर २९ वर्षांचं होईपर्यंत एकाही वाढदिवसाला पट पूर्ण येत नाही. तिप्पट नाही, चौपट नाही, काहीच नाही. २९ व्या वर्षी एकदम दुप्पट, बाबा ५८. बस. अशा घरातल्या बापलेकांवर 'आज वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे' असं गणित पूर्ण वर्षांत घालताच येत नाही.

दुप्पटीनंतर काय होतं? आपल्या २४ फरकाच्या जोडीत मुलगा ३२ झाला तेव्हा बाबा ५६, म्हणजे पावणेदोनपट. मुलगा ४८, बाबा ७२: दीडपट. मुलगा ९६ आणि बाबा १२० झाले, तर सव्वापट. पट खाली येत राहते, पण उतरण्याचा वेग मंदावत जातो. पहिल्या एका वर्षात ती १२ नं घसरली होती, पुढे पाव पट घसरायला ४८ वर्षं लागतात. आणि एकपट? ती कधीच येत नाही, कारण एकपट म्हणजे दोघांची वयं सारखी आणि मग फरक शून्य. फरक तर २४ आहे आणि तो हलत नाही.

यातून एक छोटं सूत्र मिळतं आणि ते कागद न घेता वापरता येतं. तुमच्या जन्माच्या वेळी आई जितक्या वर्षांची होती, तितक्या वर्षांचे तुम्ही झालात की आई तुमच्या दुप्पट. त्याच्या निम्म्या वर्षांचे झालात की तिप्पट. एकतृतीयांश झालात की चौपट. आईला विचारा, 'मी झालो तेव्हा तू किती वर्षांची होतीस?' ती म्हणाली २६, तर तुमच्या तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास ती तुमच्या तिप्पट असते.

'सुमारास' हा शब्द मी मुद्दाम घातला. गणितातले बाबा आणि मुलगा एकाच दिवशी वाढदिवस करतात असं आपण धरून चाललो. खऱ्या घरात तसं क्वचित असतं आणि तिथे एक मजेदार भानगड होते.

समजा एका मुलीचे बाबा १० मार्च १९८४ ला जन्मले आणि ती स्वतः २० ऑगस्ट २०१२ ला. जुलै २०२६ मध्ये बाबांना ४२ पूर्ण झालेली असतील आणि मुलीला १३. फरक २९. जानेवारी २०२७ मध्ये बाबा अजून ४२ च असतील, मुलगी मात्र १४ ची झालेली असेल. फरक २८! आपण तर म्हटलं होतं फरक हलत नाही. मग हा कसा हलला?

खरा फरक हललेलाच नाही, तो २८ वर्षं, ५ महिने आणि १० दिवस एवढा आहे आणि तेवढाच राहतो. पण आपण वय सांगताना वरचे महिने सोडून देतो, फक्त पूर्ण झालेली वर्षं मोजतो. म्हणून मोजलेला फरक दर मार्चला २९ होतो आणि दर ऑगस्टला परत २८. या मुलीचे बाबा २० ऑगस्ट २०२६ पासून ९ मार्च २०२७ पर्यंत पूर्ण वर्षांच्या हिशेबात तिप्पट असतील, ४२ आणि १४. दिवसांचा बारीक हिशेब केला, तर खरीखुरी तिप्पट ९ नोव्हेंबर २०२६ च्या आसपास एकदाच येते आणि निघून जाते. दुप्पटीचं तर याहून गंमतीचं. पूर्ण वर्षांत मोजली, तर ती या घरात दोनदा येईल. एकदा २८ आणि ५६ असताना, मग मध्ये वर्षभर नाहीशी होईल आणि पुन्हा २९ आणि ५८ झाल्यावर परत येईल.

घरात वय सांगायची आणखी एक पद्धत असते, 'तिला चौदावं लागलं' अशी. चौदावं लागलं म्हणजे १३ पूर्ण झाली. एकाचं वय लागलेलं आणि दुसऱ्याचं पूर्ण झालेलं, असं मिसळलं तर फरकात एका वर्षाची खोट येते. घरातल्या माणसांवर वयवारी करून पाहिली आणि उत्तर थोडक्यात हुकलं, तर आधी हेच तपासा.

आता उणे उत्तरांकडे येऊ. मघाशी उणे १२ आलं ते आपल्या चुकीमुळे. पण चूक न करताही उणे उत्तर येतं.

ऑगस्टस डी मॉर्गन नावाचे मोठे गणितज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याकडे, मदुराईला झाला, पण बाळ असतानाच त्यांना इंग्लंडला नेलं आणि पुढे ते लंडनच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. गणित शिकताना येणाऱ्या अडचणींवर त्यांनी १८३१ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात हे उदाहरण आहे: वडील ५६ वर्षांचे, मुलगा २९ वर्षांचा, तर किती वर्षांनी वडील मुलाच्या दुप्पट होतील?

इथे वयं माहीत आहेत, वर्षं माहीत नाहीत. म्हणून क्ष म्हणजे आजपासून पुढची वर्षं.

५६ + क्ष = २(२९ + क्ष)
५६ + क्ष = ५८ + २क्ष

दोन्ही बाजूंतून क्ष आणि ५८ काढले की क्ष = उणे २. उणे दोन वर्षांनी! पुढे जायचं तर मागे? डी मॉर्गन सांगतात की या उत्तराला घाबरू नका, प्रश्नच जरा चुकीचा विचारला गेला होता. 'किती वर्षांनी होतील' असं न विचारता 'किती वर्षांपूर्वी होते' असं विचारायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी वडील ५४ आणि मुलगा २७, बरोबर दुप्पट. आपल्या फरकाच्या युक्तीनंही हे पटतं. ५६ वजा २९ म्हणजे २७, तेव्हा दुप्पट ही २७ व्या वर्षीच झाली असणार, आणि मुलगा तर २९ चा आहे. बीजगणितानं न सांगताच वेळेची दिशा ओळखली.

पण दरवेळी असं होत नाही. हे उदाहरण मी केलंय, सोडवून बघा. वडील आज मुलाच्या तिप्पट आहेत आणि ५ वर्षांनी चौपट होतील. समीकरण ३क्ष + ५ = ४(क्ष + ५). सोडवलं की क्ष = उणे १५. मुलगा उणे १५ वर्षांचा आणि बाबा उणे ४५ वर्षांचे. ताळा पाहा: तिप्पट आहेत. पाच वर्षांनी उणे १० आणि उणे ४०, चौपटही आहेत! समीकरणाची काहीच तक्रार नाही. पण या आकड्यांचा अर्थ लावून बघा. मुलगा १५ वर्षांनी जन्मणार आहे आणि बाबा ४५ वर्षांनी. मुलाच्या नंतर ३० वर्षांनी बाबा जन्माला येणार! इथे 'पूर्वी'चं 'पुढे' करून भागत नाही, गोष्टच अशक्य आहे. आणि तुम्हाला ते समीकरण मांडण्याआधीच सांगता आलं असतं. वय वाढतं तशी पट घटते. तिप्पटीवरून चौपट कधी होत नाही.

म्हणजे उणे उत्तर ठेवायचं की टाकायचं हे समीकरण ठरवत नाही, गोष्ट ठरवते. वर्षं उणे असली तर ती भूतकाळातली असू शकतात. माणसाचं वय उणे असेल तर जपून.

आपल्या भास्कराचार्यांनी हे फार पूर्वी नोंदवलंय. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ कमी करा आणि येईल त्याचा वर्ग करा. तितकी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसतंय, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, सातचा वर्ग ४९, अधिक झाडावरचं एक, झाले ५०. पाचचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक एक, झाले ५. आकडे दोन्हींचे जुळतात. पण भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नका, कारण मध्ये माकडांची संख्या उणे झाली आणि ते लोकांना पटणारं नाही.

या भास्कराचार्यांच्या वयाचा पत्ता आपल्याला एका छोट्या बेरजेनं लागतो. आपण शके १०३६ मध्ये जन्मलो आणि वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १०३६ अधिक ३६ म्हणजे शके १०७२, आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन ११५०.

डी मॉर्गन यांनी मात्र आपलं वय इतकं सरळ सांगितलं नाही. ते म्हणत, 'ज्या सालाची संख्या क्षचा वर्ग आहे, त्या साली मी क्ष वर्षांचा होतो.' साल माहीत नाही, वय माहीत नाही, हातात नुसता क्ष. पण १८०० ते १९०० मधल्या वर्गसंख्या शोधायला गेलात तर ४३ चा वर्ग १८४९ ही एकच सापडते. १८४९ साली ४३ वर्षांचे, म्हणून जन्म १८०६.

वर्गातून वय वजा केलं की जन्मसाल येतं, आणि ४३ गुणिले ४३ मधून ४३ काढले की उरतात ४३ गुणिले ४२. म्हणजे असं कोडं घालण्याचा मान ज्यांना मिळतो, त्यांचं जन्मसाल दोन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार असतं. ४३ आणि ४२ चा गुणाकार १८०६. पुढचा ४४ आणि ४३ चा, १८९२. त्यानंतर ४५ आणि ४४ चा, १९८०. १९८० साली जन्मलेली माणसं २०२५ साली ४५ वर्षांची झाली आणि ४५ चा वर्ग २०२५. तुमच्या ओळखीत १९८० ची एखादी मावशी, काका किंवा बाई असतील, तर डी मॉर्गन यांचं कोडं त्यांनाही जसंच्या तसं घालता येतं. त्यांच्यानंतर ते घालू शकणारी मुलं २०७० साली जन्मतील.